"तुमच्या महाराचा मी महार" म्हटलं म्हणून स्ट्राइक: एका अभंगाच्या व्हिडिओचं अपील

नावं, चॅनेल, प्लॅटफॉर्म सगळं काढून लिहितोय. चॅनेल चालवणाऱ्या बाईंना मी ताई म्हणतो, इथेही तेच म्हणेन. अपील आणि तक्रारीचा मजकूर मी लिहून दिला होता म्हणून आतली बाजू माहीत आहे. चुका झाल्या त्यात माझीही एक आहे, ती पुढे येईलच.

## पार्श्वभूमी

एक छोटं भजनी मंडळ. दर आठवड्याला भजन होतं, मोबाईल स्टँडवर लावून रेकॉर्ड करतात, ताई एडिट करून टाकतात. जुलै 2024 च्या पहिल्या आठवड्यात त्यांनी चोखोबांचे तीन अभंग एका व्हिडिओत टाकले, लांबी 11 मिनिटं 40 सेकंद. त्यातला दुसरा अभंग जोहाराचा. जोहार म्हणजे जुन्या काळी महारांनी गावकीच्या लोकांना करायचा नमस्कार, आणि चोखोबा तोच नमस्कार विठ्ठलाला घालतायत, "जोहार मायबाप जोहार, तुमच्या महाराचा मी महार". वारकरी घरात वाढलेल्या कुणालाही ही ओळ सांगावी लागत नाही. पण ज्याने कधीच ऐकली नाही त्याच्यासमोर ती एकटी ठेवली तर काय दिसतं? एका जातीचं नाव, तेही दोनदा. हे सगळं प्रकरण त्या एका ओळीभोवती फिरतं.

ताईंनी व्हिडिओचं टायटल काय दिलं होतं, तर "तुमच्या महाराचा मी महार". बस एवढंच. संतांचं नाव नाही, अभंग हा शब्द नाही. थंबनेलवर तीच ओळ पिवळ्या मोठ्या अक्षरात. डिस्क्रिप्शनमध्ये मंडळातल्या लोकांची नावं आणि "लाईक करा शेअर करा". म्हणजे व्हिडिओ न लावता नुसतं बाहेरून बघणाऱ्याला हे भजन आहे हे कळायला काही मार्गच नव्हता.

## काय झालं

11 जुलैला संध्याकाळी व्हिडिओ उडाला. नोटीस आली की हा कंटेंट आमच्या हेट स्पीच पॉलिसीत बसत नाही. नेमकं कुठलं वाक्य, कितव्या मिनिटाला, काही नाही. चॅनेलवर आधीची एक वॉर्निंग होती (डिस्क्रिप्शनमधल्या लिंकवरून, जुनी गोष्ट), त्यामुळे यावेळी सरळ स्ट्राइक लागला आणि सात दिवस अपलोड बंद, लाइव्ह बंद. आषाढी होती 17 तारखेला. त्या दिवशी लाइव्ह करायचं ठरलं होतं, लोकांना सांगूनही झालं होतं. ते गेलं.

आता खरी घाई इथे झाली. ताईंच्या मुलाने रात्री अकराच्या सुमारास अपीलचं बटण दाबलं आणि बॉक्समध्ये लिहिलं ते असं होतं: "हे भजन आहे. आमच्या धार्मिक भावना दुखावल्या आहेत. इतके घाणेरडे व्हिडिओ चालतात आणि देवाचं गाणं चालत नाही का? ताबडतोब परत टाका." राग समजण्यासारखा आहे, मीही तसंच लिहिलं असतं कदाचित. पण वाचणाऱ्याच्या जागी बसून बघा. तो बघतोय की व्हिडिओत जातीवरून अपमान आहे का. या चार वाक्यांत त्या प्रश्नाला उत्तरच नाही. भजन आहे म्हटल्याने काही सिद्ध होत नाही कारण भक्तिगीतांच्या चालीवर लोक जातीवाचक आणि धर्मावरून शिव्या घालणारी गाणी खरोखर करतात, ते त्यालाही माहीत असतं. सकाळी उत्तर आलं, निर्णय कायम. आणि त्या प्लॅटफॉर्मवर एका व्हिडिओला एकच अपील होतं. ते संपलं.

ताईंचा फोन मला 12 ला दुपारी आला. "दादा, आता काय करायचं? नवीन चॅनेल काढू का?"

## कशामुळे उडाला असेल

मी आधी म्हटलं थांबा, मला व्हिडिओ बघू द्या. योगायोगाने त्याच जोहाराचा 58 सेकंदांचा तुकडा शॉर्ट म्हणून वेगळा टाकलेला होता आणि तो अजून चालू होता. त्यावर आपोआप येणारी कॅप्शन्स लावून बघितली आणि डोक्यावर हात मारला. गाताना "महार" मधला "हा" लांबवलाय, मागे टाळ आहेत, आणि कॅप्शनमध्ये आलं होतं: "तुमच्या महाराला मी मार". तीन वेळा ओळ आली, त्यात दोनदा "मार".

काढलेल्या व्हिडिओवर पण असंच कॅप्शन असेल आणि म्हणूनच तो उडाला असं मी म्हणत नाही. कुणी रिपोर्ट केला असेल, टायटलवरूनच पकडला गेला असेल, आतून कारण कुणी सांगत नाही. पण जातीचं नाव आणि शेजारी "मार" असं लिहिलेलं एखाद्या मशीनला किंवा मराठी अर्धवट कळणाऱ्या माणसाला मिळालं, तर तो काय समजेल हे सांगायची गरज नाही. एवढा धागा पुरेसा होता.

अजून एक गोष्ट मी ताईंना स्पष्ट सांगितली. प्लॅटफॉर्म इथे मुद्दाम वाकड्यात शिरलाय असं धरून लिहायचं नाही. हाच शब्द लोक शिवी म्हणून रोज वापरतात, जातीवरून अपमान हा हेट स्पीचमध्ये धरला जातो आणि तो धरलाच पाहिजे. आपलं म्हणणं नियम चुकीचा असं नाहीये, आपलं म्हणणं एवढंच की हा व्हिडिओ त्या नियमात बसत नाही. मजकुराचा सूर यावरून ठरला.

## समोर असलेले पर्याय

नवीन चॅनेल काढून तोच व्हिडिओ परत टाकणं. हे मी लगेच कापलं. स्ट्राइक चालू असताना दुसऱ्या चॅनेलवरून अपलोड करणं म्हणजे बंदी चुकवणं धरतात आणि मग दोन्ही चॅनेल जातात.

व्हिडिओ स्वतःच डिलीट करून विषय संपवणं. मुलाला हे बरं वाटत होतं. पण डिलीट केल्याने स्ट्राइक जात नाही, उलट ज्याच्यावर निर्णय फिरवायचा तीच वस्तू हातातून जाते.

गाजावाजा करणं, म्हणजे सगळ्या ग्रुपवर "आपल्या अभंगावर बंदी" असा मेसेज फिरवणं. मंडळातल्या दोघांना हेच करायचं होतं. मी विरोध केला. तो मेसेज फिरला की चोखोबा बाजूला राहतात आणि जातीवरून, धर्मावरून भांडण सुरू होतं, आणि ते भांडण आपल्याच व्हिडिओच्या कमेंटमध्ये येऊन पडतं. मग खरंच हेट स्पीच तिथे जमा होणार.

उरला तक्रार अधिकारी. आयटी नियम 2021 प्रमाणे मोठ्या प्लॅटफॉर्मला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने 24 तासांत पोच द्यायची, आणि तेव्हाच्या नियमाने 15 दिवसांत निकाल. तिथेही नाही म्हणाले तर निर्णय मिळाल्यापासून 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. अशा तीन समित्या जानेवारी 2023 मध्ये नेमल्या गेल्या. बऱ्याच लोकांना हा रस्ता माहीतच नसतो, अपील फेटाळलं की संपलं असं वाटतं. आणि दुसरा फायदा असा की अपीलच्या बॉक्समध्ये 1000 कॅरेक्टर होते, तक्रारीच्या फॉर्ममध्ये फाइल जोडता येत होत्या. देवनागरीत 1000 कॅरेक्टर फार लवकर संपतात बरं का, "क्षमा" आपल्याला दोन अक्षरं दिसतात पण मोजणीत पाच धरली जातात, जोडाक्षरातला हलंत आणि काना वेगळे मोजले जातात.

## मजकूर लिहिताना कुठे अडलो

पहिला पेच भाषेचा. तक्रार वाचणारा मराठी असेलच असं नाही, म्हणून मूळ मजकूर साध्या इंग्रजीत पाठवला आणि अभंगाची ओळ देवनागरीत ठेवली. खाली जे देतोय ते त्याचंच मराठी.

दुसरा पेच जास्त नाजूक होता. ताई म्हणाल्या, "आमच्यातले दोघं त्याच समाजातले आहेत, ते लिहू का? मग तर काही बोलताच येणार नाही त्यांना." ऐकायला बिनतोड वाटतं. मी नको म्हणालो, दोन कारणांनी. त्या दोघांना न विचारता त्यांची जात एका कंपनीच्या फाइलमध्ये टाकायची हे मला पटत नव्हतं. आणि मुद्दा म्हणूनही ते कच्चं आहे, कारण ओळीतला "मी" म्हणजे गाणारा नाही, चोखोबा आहेत. स्वतःच्या जातीचं नाव स्वतःबद्दल घेणारा मूळ कवी आहे आणि 14 व्या शतकातला आहे. उद्या कुठल्याही जातीचा माणूस हा अभंग गाईल, तेव्हाही तो हेट स्पीच होत नाही. आपण गाणाऱ्याच्या जातीवर मुद्दा टेकवला तर हे दुसरं टोक आपणच सोडून देतो.

तिसरा, तो चालू असलेला शॉर्ट पुरावा म्हणून दाखवायचा का? कॅप्शनची चूक तिथेच दिसत होती. पण त्याची लिंक दिली आणि समोरच्याने तोही उडवला तर दुसरा स्ट्राइक. शेवटी लिंक न देता स्क्रीनशॉट दिला, त्यावर "याच रेकॉर्डिंगच्या तुकड्यावर आपोआप आलेलं कॅप्शन" असं लिहिलं. लपवलं काही नाही, पण बोट दाखवून बोलावलंही नाही.

पुरावे किती द्यायचे यावर मात्र वाद झाला नाही. चार. अभंगाचे शब्द ओळ न् ओळ, शेजारी अर्थ आणि सेकंद. सकलसंतगाथेच्या त्या पानाचा फोटो, आणि सोबत पुस्तकाचं पहिलं पान, नाहीतर ते पान कशाचं हे कळणार कसं. कॅप्शनचा स्क्रीनशॉट. आणि आलेल्या नोटिशीचा स्क्रीनशॉट. मंडळाचे हारतुऱ्यांचे फोटो, पेपरातली बातमी, सगळं बाजूला ठेवलं. आपण चांगले लोक आहोत हे कुणी विचारलेलं नाही.

## पाठवलेली तक्रार

"विषय: हेट स्पीच म्हणून काढलेला व्हिडिओ परत देण्याबाबत. व्हिडिओची लिंक, चॅनेलची लिंक आणि 11 जुलै 2024 च्या नोटिशीची प्रत सोबत आहे. आधीचं अपील 12 जुलैला फेटाळलं गेलं. त्या अपीलमध्ये खालील माहिती दिली नव्हती.

या व्हिडिओत 'महार' हे जातीचं नाव येतं. हा शब्द अपमान म्हणून वापरला जातो याची आम्हाला जाणीव आहे. इथे तो अपमान म्हणून आलेला नाही.

2:14 ते 5:50 या भागात संत चोखामेळा यांचा अभंग गायला आहे. चोखामेळा हे 14 व्या शतकातले संतकवी, स्वतः महार जातीचे. पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. 'जोहार मायबाप जोहार, तुमच्या महाराचा मी महार' या ओळीत ते देवाशी बोलतायत आणि ते नाव स्वतःबद्दल घेतायत. देवाच्या सेवकाचाही मी सेवक, असा त्याचा अर्थ. ओळीत दुसऱ्या कुठल्याही माणसाबद्दल किंवा समाजाबद्दल काही म्हटलेलं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली आपलं 'द अनटचेबल्स' हे पुस्तक ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केलं त्यात चोखामेळा आहेत.

याच रेकॉर्डिंगच्या तुकड्यावर आपोआप आलेल्या कॅप्शनमध्ये ही ओळ 'तुमच्या महाराला मी मार' अशी चुकीची उमटली आहे. गाण्यात 'मार' हा शब्द नाही. कृपया कॅप्शन न वाचता 2:14 ते 2:40 ऐकावं, सोबत शब्द आणि अर्थ दिले आहेत.

टायटल आणि थंबनेलवर फक्त ती ओळ होती, संतांचं नाव नव्हतं, त्यामुळे गैरसमज होऊ शकतो हे मान्य आहे. व्हिडिओ परत मिळाल्यावर आम्ही दोन्ही बदलू.

विनंती: मराठी जाणणाऱ्या व्यक्तीकडून फेरतपासणी व्हावी, व्हिडिओ परत द्यावा, स्ट्राइक काढावा. विनंती मान्य नसल्यास कुठल्या सेकंदाचे कुठले शब्द नियमाविरुद्ध आहेत ते लेखी कळवावं."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम ठेवलं. समितीकडे जायची वेळ आलीच तर त्या उत्तरावर पुढचं सगळं उभं राहतं, आणि कुणाला सेकंद लिहायचे असतील तर त्याला ते सेकंद ऐकावे लागतात. "मान्य आहे" वाल्या वाक्यावर मंडळातले बुवा नाराज होते, आपण चूक का कबूल करायची म्हणून. मी म्हटलं, गुन्हा कबूल करत नाहीये, समोरच्याला मागे फिरायला वाट देतोय.

आंबेडकरांचा उल्लेख ठेवायचा का यावरही मी दोनदा विचार केला. मोठं नाव पुढे करून दाब आणतोय असं वाटू नये. पण मराठी न येणाऱ्यालाही हा एक संदर्भ पाच मिनिटांत तपासता येतो, गाथेचं पान त्याला तपासता येत नाही. म्हणून ठेवला.

## पुढे काय झालं

14 जुलैला रविवारी तक्रार गेली. 15 ला पोच आणि तक्रार क्रमांक आला. मग शांतता. 17 तारखेला आषाढी लाइव्हशिवाय गेली, ताईंनी ग्रुपवर ऑडिओ टाकला. 18 ला अपलोड आपोआप सुरू झालं, पण स्ट्राइक तसाच. मुलगा म्हणत होता रोज एक मेल टाकूया, मी एकही टाकू दिला नाही, दर मेलला नवीन क्रमांक पडला तर आमची फाइल फुटली असती.

24 जुलैला दोन ओळींचं उत्तर आलं. पुन्हा तपासणी केली, व्हिडिओ परत दिला आहे, स्ट्राइक काढला आहे. कारण नाही, कॅप्शनबद्दल एक शब्द नाही. त्यामुळे आमच्या चार कागदांपैकी नेमका कुठला कामाला आला ते मी सांगू शकत नाही, मला वाटतं सेकंद आणि अर्थाचा कागद, पण हा माझा अंदाज.

परत आल्यावर ताईंनी त्याच दिवशी टायटल बदललं, आता सुरुवात "संत चोखामेळा अभंग" अशी होते. डिस्क्रिप्शनमध्ये पहिल्या तीन ओळींत जोहार म्हणजे काय ते आलं. आणि आपोआप येणाऱ्या कॅप्शनच्या जागी आम्ही स्वतःची .srt फाइल चढवली, व्हिडिओला आणि शॉर्टलाही. काम काही मोठं नाही, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये होतं, यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करायचं एवढं लक्षात ठेवा नाहीतर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं येतात:

```
12
00:02:14,000 --> 00:02:19,500
जोहार मायबाप जोहार
तुमच्या महाराचा मी महार
```

## काय वेगळं करता आलं असतं

पहिली रात्र. अपीलला बरेच दिवस हातात होते, अकरा वाजता बटण दाबायची काही गरज नव्हती. तेच एकमेव अपील वरच्या मजकुराने गेलं असतं तर कदाचित आषाढीच्या आत व्हिडिओ परत आला असता. कदाचित.

माझी चूक अशी की मी 12 ला दुपारी सगळं ऐकलं आणि तक्रार 14 ला गेली. एक अख्खा दिवस मी गाथेची "चांगली" आवृत्ती शोधण्यात घालवला, ताईंच्या घरातली जुनी प्रत पुरेशी होती. पान स्पष्ट वाचता येतंय ना, बस.

आणि एक गोष्ट आम्ही तक्रारीत टाकली नाही, ती टाकायची नव्हतीच, पण विचार करायला हवा होता. व्हिडिओ उडण्याआधी त्याखाली एका बाईंची कमेंट होती की जोहाराचे अभंग आता गाऊ नयेत, आमच्या आजोबांनी 1956 ला हे सगळं मागे टाकलं. ती हेट नव्हती, रिपोर्टची धमकी नव्हती, साधं दुखणं होतं. मुलगा ती तेव्हा डिलीट करायला निघाला होता, ताईंनी थांबवलं पण उत्तरही दिलं नाही. व्हिडिओ परत आला तेव्हा ती कमेंटही परत आली. यावेळी ताईंनी खाली लिहिलं की तुमचं म्हणणं वाचलं, मंडळात बोललो, अभंग ठेवतोय पण अर्थ आणि इतिहास आता वर लिहिलाय, त्यात काही चुकलं असेल तर सांगा. चार दिवसांनी त्या बाईंनी डिस्क्रिप्शनमधला एक शब्द सुधारून पाठवला आणि ताईंनी तो बदलला.